मदत हवी आहे: दाजी वारले, पीएफला अजून पहिल्या बायकोचं नाव. पैसे कुणाला?

कुपवाडकर
माझे दाजी मागच्या महिन्यात वारले. कुपवाड एमआयडीसीत नोकरीला होते. ताई त्यांची दुसरी बायको. कंपनीत गेलो तर ऑफिसातला पोरगा म्हणतो पीएफला पहिल्या बायकोचं नाव आहे, पैसे तिलाच जाणार. बँकेतल्या एफडीला पण तिचंच नाव. एलआयसीला पण तिचंच. दाजींनी काहीच बदललं नव्हतं. ताईला काहीच मिळणार नाही का? सोमवारी कोल्हापूरला पीएफ ऑफिसला जायचंय, लवकर सांगा.

पिग्मीवाला
नॉमिनी म्हणजे नॉमिनी. वीस वर्षं पतसंस्थेचं कलेक्शन करतोय, ज्याचं नाव त्याला पैसे. ऑफिसातला पोरगा बरोबर सांगतोय. वाईट वाटतं, पण असंच आहे.

आयटीवाला_हिंजवडी
दाजींचा मोबाइल चालू आहे ना? पीएफच्या साइटवर यूएएनने लॉगिन करा, Manage मध्ये E-Nomination आहे. ओटीपी त्याच मोबाइलवर येईल. ताईंचं नाव टाका, ई-साइन करा, पाच मिनिटांचं काम. जुनं आपोआप रद्द होतं.

जुना_टाइमऑफिस
आयटीवाले, असला सल्ला देऊ नका. ई-साइनवर तारीख-वेळ पडते. मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख त्याच्या आधीची. क्लेम तपासणारा दोन्ही कागद शेजारी ठेवतो. मेलेल्या माणसाची सही केल्याची केस ताईवर होईल आणि सरळ मिळणारे पैसे अडकतील. कुपवाडकर, तो मोबाइल बंद करून ठेवा.

आता तुमचं. अर्धी माहिती लिहिलीय तुम्ही. हे सांगा:
पहिलीशी घटस्फोट कोर्टातनं की कागदावर? कुठल्या साली?
ताईचं लग्न कधी?
पहिल्या बायकोपासून मूल आहे का? ताईला आहे का?
दाजींची आई आहे का?
आणि पीएफचा नॉमिनेशन फॉर्म कधीचा?

वाळव्याची_मावशी
अरे बाळा, घटस्फोट घेऊ नको ताईला सांग. माझ्या भाचीचं पण असंच चाललं होतं, घरच्यांनी बसून मिटवलं. आता सुखात आहे.

कुपवाडकर
मावशी, ताई घटस्फोट घेत नाहीये, दाजी वारलेत!!

@जुना_टाइमऑफिस घटस्फोट झालाय म्हणजे झालाय, त्याचं काय एवढं. पहिलीला एक मुलगी आहे, पण ती तिच्याकडे विट्याला असते, आमचा काही संबंध नाही. ताईला मुलगा, 7 वर्षांचा. दाजींची आई आहे.

वकीलबाई_कराड
"झालाय म्हणजे झालाय" चालत नाही. आपल्याकडे स्टँपपेपरवर काडीमोड लिहून, पाच पंच बसवून मोकळे होतात. तसली जमातीची रूढी कोर्टात सिद्ध करता आली तर गोष्ट वेगळी, एरवी हिंदू विवाह कायद्यात त्या कागदाला किंमत नाही. तसं असेल तर पहिली बायकोच कायद्याने विधवा ठरते आणि ताईचं लग्नच टिकत नाही. ताईच्या मुलाचा हक्क राहतो, ताईचा नाही. म्हणून विचारतोय सगळे. कोर्टाचा हुकूमनामा आहे का, आणि त्याची तारीख ताईच्या लग्नाच्या आधीची आहे का?

कुपवाडकर
कोर्टातनंच झालाय ओ, सातारा कोर्टात, सहमतीने. 2015. ताईचं लग्न 2016 ला. पीएफचा फॉर्म 2011 चा, कागदी. कंपनीने झेरॉक्स दिलीय. ऑनलाइन दाजींनी कधी काही भरलंच नाही.

जुना_टाइमऑफिस
हे आधी सांगितलं असतं तर पिग्मीवाल्यांचं ऐकून घाबरला नसता.

साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात आयुष्य गेलं माझं, मयत कामगारांचे क्लेम मीच भरायचो. पीएफचं नॉमिनेशन बँकेसारखं नाही. पीएफ योजनेचा 61 नंबरचा परिच्छेद आहे. त्यात लिहिलंय की सभासदाला कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच पाहिजे. आणि लग्न झालं की नवीन नॉमिनेशन करायचं, लग्नाआधी केलेलं रद्द समजायचं. दाजींनी 2016 ला लग्न केलं, त्या दिवशीच 2011 चा फॉर्म संपला. शिवाय घटस्फोट झालेली बायको कुटुंबात धरत नाहीत. म्हणजे तो फॉर्म दोन्ही बाजूंनी पडला.

पण फॉर्म पडला म्हणून सगळे पैसे ताईला, असं नाही. वैध नॉमिनेशन नसेल तर 70 नंबरचा परिच्छेद लागतो, कुटुंबातल्या सगळ्यांना सारखे वाटे. सज्ञान मुलगा आणि नवरा हयात असलेली लग्न झालेली मुलगी वगळतात. दाजींच्या बाबतीत धरायचे ते ताई, ताईचा मुलगा, पहिलीची मुलगी, आणि आई दाजींवर अवलंबून असेल तर आई. पासबुकात किती आहेत?

कुपवाडकर
8 लाख 40 हजार दिसतात. पण त्या मुलीला कशाला? घटस्फोटाच्या वेळी एकरकमी पैसे देऊन मिटवलं होतं. सहा वर्षं तोंड बघितलं नाही तिनं.

जुना_टाइमऑफिस
पोटगी बायकोला दिली. लेकीचा बाप बदलला नाही. ती अविवाहित आहे, तिचा वाटा आहे.

हिशोब बघा. आई धरली तर चार वाटे, प्रत्येकी 2 लाख 10 हजार. आई धरली नाही तर तीन, प्रत्येकी 2 लाख 80 हजार. ताई आणि मुलगा मिळून 4 लाख 20 हजार किंवा 5 लाख 60 हजार. एवढा फरक एका आईवरनं पडतो, म्हणून आईला स्वतःची पेन्शन आहे का, कुणाकडे राहतात, हे ऑफिस विचारणार. आधीच ठरवून जा, तिथं काउंटरवर भांडू नका.

आणि मुलगी लहान आहे, तिच्या वतीने अर्ज तिची आईच करणार. म्हणजे पहिल्या बायकोला वगळून हे काम होत नाही. विट्याला कुणीतरी शहाणं माणूस पाठवून बोलून घ्या.

पिग्मीवाला
मी चुकीचं बोललो नाही, पतसंस्थेत असंच असतं.

जुना_टाइमऑफिस
पतसंस्थेत असेल. प्रश्न पीएफचा होता.

सातारी_कंदी
माझं पण असंच झालंय. लग्नाआधी पीएफला आईचं नाव लावलं होतं, आता बायको विचारते बदललं का. वरचं वाचून कळलं की ते तसंही रद्द झालंय. बदलायचं असेल तर कंपनीत जावं लागतं का? आणि फोटो अपलोड होत नाहीये माझा.

आयटीवाला_हिंजवडी
@सातारी_कंदी तुम्ही जिवंत आहात, तुम्ही करू शकता. 😄 प्रोफाइलला फोटो असल्याशिवाय ई-नॉमिनेशन पुढे जात नाही, फाइल लहान करून टाका. घरच्यांचे आधार नंबर हाताशी ठेवा. शेवटी ई-साइन केल्याशिवाय ते धरत नाहीत, बरेच जण नुसतं सेव्ह करून सोडतात.

आणि बँकेत आता एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, नोव्हेंबर 2025 पासून. टक्केवारी पण देता येते. दाजींच्या एफडीला चारी नावं लावा.

वकीलबाई_कराड
खातेदार गेल्यावर चार लावा की चाळीस, काय उपयोग? नॉमिनी खातेदारच लावतो.

कुपवाडकर, तुमची खरी घाई एफडीची आहे, पीएफची नाही. बँकेचं नॉमिनेशन घटस्फोटाने किंवा नव्या लग्नाने आपोआप रद्द होत नाही. खातेदाराने डीए 2 भरून रद्द करायचं किंवा डीए 3 भरून बदलायचं, नाहीतर तेच नाव राहतं. एफडी आपोआप रिन्यू होत गेली तरी जुनंच नाव पुढे जातं. आज पहिली बायको मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र घेऊन बँकेत गेली तर बँकेने पंधरा दिवसांत तिला पैसे द्यायचे असतात, आणि दिले की बँक मोकळी.

कुपवाडकर
मी मॅनेजरला अर्ज दिलाय की पैसे देऊ नका म्हणून. पोच घेतलीय.

वकीलबाई_कराड
त्या अर्जाने मॅनेजर बांधला जात नाही. बँकिंग कायद्यातच लिहिलंय की दुसऱ्या कुणाच्या दाव्याची नोटीस बँकेने धरायची नाही. मॅनेजर चांगला असेल तर थांबेल चार दिवस, पण त्याला थांबवणारा कागद म्हणजे कोर्टाचा हुकूम. सांगलीच्या दिवाणी कोर्टात मनाईचा अर्ज करा आणि सोबत वारस दाखल्याची तयारी. तहसीलच्या दाखल्यावर भागवू नका, कोर्टाचा वारस दाखला लागेल. त्याला जाहीर नोटीस, हरकतीची मुदत, सगळं आलं, महिने जातात.

समजा पैसे तिच्या हातात गेले, तरी ती मालक होत नाही. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालकी वारसांची, हे विम्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 1984 लाच सांगितलंय, बँकेच्या ठेवींबाबतही पुढे तेच धरलं. वारस म्हणजे ताई, मुलगा, मुलगी, आई, चौघे. पण एकदा खर्च झालेले पैसे परत मिळवणं म्हणजे दावा लावा आणि बसा.

पिग्मीवाला
एफडी किती आहे सांगितलंच नाही. पन्नास हजारासाठी वकील लावणार का?

कुपवाडकर
3 लाख. आणि एलआयसीचं राहिलंच. तिथं पण नॉमिनी रद्द होते का लग्नाने?

वकीलबाई_कराड
नाही, आणि तिथं गुंता जास्त आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी म्हणून नवरा-बायको, आईवडील, मुलं असतील तर ते नुसते ताबेदार नाहीत, पैशांचे हक्कदारच धरतात. नॉमिनी लावताना बायको होती, मरताना नव्हती, मग ती त्यात बसते का? यावर वाद होतो आणि मी इथे बसून तुम्हाला निकाल देणार नाही. तुम्ही आत्ता एवढंच करा: एलआयसीच्या शाखेत लेखी कळवा की घटस्फोट झालाय आणि वारसांचा दावा आहे, हुकूमनाम्याची नक्कल जोडा. दोन बाजूंचे दावे आले तर विमा कंपनी पैसे कोर्टात भरू शकते. एक मात्र पॉलिसीवर बघा, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली काढलीय का? तसा शेरा असेल आणि तिचं नाव घातलेलं असेल तर ते नॉमिनेशनच नाही, ट्रस्ट आहे. तो दाजींना हयात असतानासुद्धा बदलता आला नसता.

वाळव्याची_मावशी
बाळा, विट्याला मी जाते बोलायला. माझं माहेर तिकडचंच. पोरीसाठी ती येईल.

कुपवाडकर
मावशी, मेसेज करतो.
पॉलिसी बघितली, तसला शेरा नाही. @जुना_टाइमऑफिस ताईला पेन्शन मिळेल का मग? ऑफिसातला पोरगा म्हणतो पहिलीच नॉमिनी, पेन्शन पण तिला.

जुना_टाइमऑफिस
त्या पोराला नवीन नोकरी बघायला सांगा.

विधवा पेन्शनला नॉमिनी लागत नाही. नोकरीत असताना वारले आणि एकाच महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला मिळते. हुकूमनामा 2015 चा, म्हणजे विधवा ताईच. पंचवीस वर्षांपर्यंत दोन्ही मुलांना पण वेगळी मिळते, पहिलीच्या मुलीला धरून. फॉर्म 10डी. त्याच कागदांवर ईडीएलआयचा विमा पण मागा, फॉर्म 5आयएफ, लोक ते मागायला विसरतात आणि ती रक्कम मोठी असू शकते, जास्तीत जास्त 7 लाख.

सोमवारी हे घेऊन जा: मृत्यूचा दाखला, सातारा कोर्टाच्या हुकूमनाम्याची खरी नक्कल, ताईचं लग्नाचं प्रमाणपत्र, मुलाचा जन्मदाखला, सगळ्यांची आधार आणि पासबुकं, 2011 च्या फॉर्मची झेरॉक्स. कंपनीची सही-शिक्का नसेल तर परत पाठवतात, त्यामुळे आधी कुपवाडला, मग कोल्हापूरला.

कुपवाडकर
लग्नाचं प्रमाणपत्र नाही. लग्न मंदिरात झालं, नोंदणी केलीच नव्हती. आता नवरा नसताना नोंद होते का?

सातारी_कंदी
माझा फोटो अजून अपलोड होत नाहीये.

जुना_टाइमऑफिस
दोघांच्या सह्या लागतात, त्यामुळे आता अवघड आहे. मग मुलाच्या जन्मदाखल्यावर आईबाप म्हणून दोघांची नावं, रेशनकार्ड, ताईच्या आधारवर नवऱ्याचं नाव, लग्नाची पत्रिका, फोटो, भटजींचं आणि हजर असलेल्यांचं प्रतिज्ञापत्र. ऑफिस यावर समाधानी झालं नाही तर कोर्टाचा वारस दाखला मागेल, जो बँकेसाठी तुम्ही काढणारच आहात. म्हणून सोमवारी कोल्हापूर राहू द्या. सोमवारी वकीलबाईंनी सांगितलं ते, सांगलीच्या कोर्टात.