मदत हवी आहे: कनेक्टेड सुविधांसाठी वरची श्रेणी घ्यावी का?

आम्ही गुहागरजवळच्या गावात राहतो आणि एकाच मोटारीच्या दोन श्रेणींपैकी एक निवडायची आहे. वरच्या श्रेणीत फोनवरून एसी सुरू करणे, गाडीचे ठिकाण पाहणे, चोरीची सूचना आणि एसओएस बटण मिळते. त्यासाठी पन्नास हजार रुपये जास्त मोजावे लागतात. तीन वर्षांनंतर वार्षिक वर्गणी सुरू होईल, पण तिचा दर विक्रेता आज लेखी द्यायला तयार नाही.

या सुविधा गाडीतल्या अंगभूत सिमवर चालतात आणि ते सिम आपल्याला बदलता येत नाही. चाचणीच्या वेळी गाडी घरी आणून पाहिली, तर अंगणात ॲपला गाडी सापडलीच नाही. चिपळुणात मात्र लगेच सापडली. नकाशा आणि गाणी अँड्रॉइड ऑटोमुळे माझ्याच फोनवरून चालतील, तेव्हा त्यांची चिंता नाही. एअरबॅगा दोन्ही श्रेणींत सारख्याच आहेत.

ज्यांची मोफत मुदत संपली आहे, त्यांनी कृपया सांगावे: वर्गणी न भरल्यास एसओएस बटणही बंद पडते का, आणि गाडी विकताना या सुविधांची किंमत कोणी धरली का?