मदत हवी आहे: मॅग्नेटिक ड्राइव्ह पंप सुरू होतानाच कपलिंग सुटतं

नमस्कार मंडळी. वेर्ण्याच्या आमच्या प्लांटमध्ये सील नसलेला मॅग्नेटिक ड्राइव्ह पंप आहे, 2900 आरपीएमचा. पाण्यावर चाचणी घेतली तेव्हा शाफ्टला 2.2 किलोवॅट लागत होते आणि तो नीट चालला. आता त्यातून 98 टक्के सल्फ्युरिक ॲसिड जातं. त्याची घनता 1.84, म्हणजे त्याच फ्लोला साधारण 4 किलोवॅट. 9550 × 4 ÷ 2900 केलं की टॉर्क 13 न्यूटन-मीटर येतो. कपलिंगची मर्यादा 20 आहे, म्हणून चालू स्थितीत अडचण दिसत नाही.

पण मोटर 5.5 किलोवॅटची आणि थेट डीओएल स्टार्टरवर. सुरू करताच काही वेळा प्रेशर शून्य होतं आणि करंट नो-लोडच्या जवळ उतरतो. बाहेरचं चुंबक फिरतं, आतलं मागेच राहतं. एकदा सुटलं की मोटर थांबवल्याशिवाय पुन्हा धरत नाही, आणि तसंच फिरत ठेवलं तर चुंबकं तापून कायमची कमजोर होतील ही खरी काळजी.

स्टार्टिंग टॉर्कपैकी कपलिंगमधून किती जातो, हे आतल्या रोटर-इंपेलरच्या इनर्शियाच्या वाट्यावरून काढणं बरोबर का? व्हीएफडीवर सावकाश रॅम्प दिला तर पुरेल, की मोठं कपलिंगच घ्यावं? ॲसिड पंपांवर काम केलेल्यांनी कृपया सांगा.