काउंटरने सांगितलेल्या सुविधा प्लॅनमध्ये नाहीत, कंपनीचं उत्तर ‘तक्रार बंद’

पाऊलवाट (धागाकर्ती):
दोन महिन्यांपूर्वी काउंटरवर पोस्टपेड प्लॅन घेतला. तिथल्या माणसाने सांगितलं, महिन्याला 75 जीबी, उरलेला डेटा पुढच्या महिन्यात जातो आणि परदेशात रोमिंग प्लॅनमध्येच आहे. परदेशात 6 दिवस राहून आले, तर बिलात रोमिंगची वेगळी रक्कम. कंपनीला पत्र लिहिलं: ‘आपल्या काउंटरने माझी फसवणूक केली, प्लॅनमधली एकही सुविधा खरी नाही, सगळे पैसे परत करा.’ चार ओळींचं उत्तर आलं: ‘आपल्या प्लॅनमध्ये रोमिंग समाविष्ट नाही. डेटा पुढे नेण्याची सुविधा सुरू आहे. तक्रार बंद करत आहोत.’ पत्रात काय चुकलं?

खडूफळा:
पत्रात काही चुकलं नाही, घेताना चुकलं. फॉर्मवर सही तुमची, ओटीपी तुम्ही दिलात, नंतर मेसेजही आला असेल. काउंटरवरचा माणूस बोलणारच, त्याचं काम विकण्याचं आहे. अटी न वाचता घ्यायचं आणि मग फसवणूक म्हणायचं, हे बरोबर नाही.

नोंदवही:
खडूफळा, हे वाचून गप्प बसवलं नाही. मी एका कंपनीच्या तक्रार विभागात सहा वर्षं होते आणि हेच वाक्य आम्ही रोज ग्राहकांना ऐकवायचो, कारण त्याने तक्रारीचं तिकीट लवकर बंद व्हायचं. अटी वाचाव्यात हे खरंच. पण अटींचा कागद बहुतेक वेळा सही झाल्यावर हातात येतो, आणि ग्राहक निर्णय घेतो तो समोरच्याच्या बोलण्यावर. तो माणूस कंपनीचं नाव लावून बसलेला असतो आणि कंपनीने दिलेल्या लॉगिनवरूनच प्लॅन सुरू करतो. विक्री कंपनीची आणि बोलणं मात्र त्याचं एकट्याचं, असं कसं चालेल?

पाऊलवाट, आता तुमच्या पत्राबद्दल. ‘एकही सुविधा खरी नाही’ या वाक्याने घात केला. डेटा पुढे जातोय. तपासणाऱ्याने स्क्रीनवर प्लॅन उघडला, एक सुविधा चालू दिसली, तुमचं विधान खोटं ठरलं. रोमिंग प्लॅनमध्ये नाही हे तर त्यांनी स्वतःच लिहून दिलंय! तुमची तक्रार ‘प्लॅनमध्ये नाही’ ही नव्हतीच. ‘प्लॅनमध्ये आहे असं सांगून विकलं’ ही होती. पहिलीचं उत्तर प्लॅनचा तक्ता देतो. दुसरीसाठी कोणाला तरी काउंटरकडे विचारणा करावी लागते, आणि ती टाळता येईल असं पत्र तुम्ही त्यांच्या हाती दिलंत.

नवं पत्र फक्त रोमिंगवर लिहा. डेटाचा उल्लेखही नको. कोणत्या तारखेला, साधारण किती वाजता, कोणत्या काउंटरवर गेलात ते लिहा आणि त्याचं वाक्य जसं आठवतं तसं द्या. परदेशी जाणार आहात हे तुम्ही त्याला आधी सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर तीच पत्रातली सर्वांत वजनदार ओळ. मग अर्जाची प्रत, सुरू झाल्याचा मेसेज आणि बिलाचं रोमिंगचं पान जोडा.

उंबरठा:
माझ्याही बाबतीत असंच! कॉलरट्यून आपोआप सुरू झाली, दर महिन्याला पैसे कापले. मी बँकेला सांगून पेमेंटच थांबवलं. पाऊलवाट, तुम्हीही तेच करा.

नोंदवही:
कृपा करून तसं करू नका. उंबरठा, तुमच्याकडे सेवा न मागता सुरू झाली होती. इथे मागून घेतलेला प्लॅन आहे. पूर्ण बिल थांबवलं की थकबाकी चढते, नंबर बंद होतो, आणि मग कंपनी तक्रारीऐवजी थकबाकीवरच बोलते. भाडं आणि कर वेळेत भरा. रोमिंगच्या रकमेवर वाद आहे आणि निकालापर्यंत ती वसुलीतून वगळावी, असं लेखी कळवा.

आणखी एक. परदेशी नेटवर्ककडून वापराच्या नोंदी कधी कधी उशिरा येतात, म्हणून त्या 6 दिवसांची काही रक्कम पुढच्या बिलातही येऊ शकते. पत्रात बिलाच्या आकड्याबरोबर प्रवासाच्या तारखा द्या, नाहीतर पुढच्या महिन्यात नवी तक्रार करावी लागेल.

खडूफळा:
सगळं ठीक, पण ओटीपीचं काय? ओटीपी म्हणजे संमती.

दुपारउन्ह:
संमती कशाला? मी दोन वर्षं अशा काउंटरवर बसलोय. ओटीपीच्या मेसेजमध्ये आकडे असायचे आणि ‘कोणाला सांगू नका’ एवढंच. प्लॅनचं नाव नसायचं. आम्ही ‘सिम चालू करायला लागतो’ म्हणून मागायचो, लोक द्यायचे. आणि आम्हाला नुसते लबाड म्हणू नका. सकाळी व्हॉट्सअॅपवर नव्या ऑफरचं चित्र यायचं, संध्याकाळी टार्गेट विचारलं जायचं. त्या चित्रात ‘रोमिंग’ मोठ्या अक्षरात आणि ‘वेगळा पॅक घेतल्यास’ तळाशी. मीही ते चुकीचं सांगितलंय आणि मला ते खरंच वाटत होतं.

खडूफळा:
म्हणजे न वाचता विकणारा निर्दोष आणि न वाचता घेणाराही निर्दोष. मग जबाबदार कोण, छापखाना?

दुपारउन्ह:
ज्याने चित्र पाठवलं तो. माझा पगार सांगू का तुम्हाला? एक प्लॅन रद्द झाला की त्याचं कमिशन कापलं जायचं, आणि चित्र पाठवणाऱ्याचं काहीच कापलं जायचं नाही. इथे बसून नियम शिकवू नका.

नोंदवही:
दोघंही शांत व्हा. खडूफळा, एक मान्य करते: ओटीपीच्या मेसेजमध्ये प्लॅनचं नाव आणि सुविधा लिहिलेल्या असतील, तर तुमचा मुद्दा जड आहे. म्हणून पाऊलवाट, तो मेसेज पुसला नसेल तर आधी बघा. नुसते आकडे असतील तर पत्रात लिहा की संमती कशासाठी घेतली ते त्यात नाही. सोबत कंपनीकडे त्या दिवसाची नोंद मागा: कोणत्या लॉगिनवरून, किती वाजता, कोणता प्लॅन टाकला.

मागणीही बदला. ‘सगळे पैसे परत’ मिळणार नाहीत, दोन महिने प्लॅन वापरलाय. रोमिंगची रक्कम रद्द करावी आणि दंड न लावता प्लॅन बदलू द्यावा, एवढंच मागा. जुन्या तक्रारीचा क्रमांक देऊन ‘बंद करणं मान्य नाही, वरच्या स्तराकडे पाठवा’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर नवं तिकीट उघडतं आणि पहिल्याच माणसाकडे जातं.

पाऊलवाट:
मेसेज सापडला. आकडेच आहेत. आणि फॉर्मच्या माझ्या प्रतीवर कोपऱ्यात पेनाने ‘रोमिंग इन्क्लूड’ लिहिलंय! तो बोलता बोलता लिहीत होता, हे मी विसरूनच गेले होते.

खडूफळा:
पेनाने तुम्हीही लिहू शकता, असं कंपनी म्हणेल. खाली त्याची सही आहे का?

पाऊलवाट:
नाही.

नोंदवही:
तरी जोडा. कंपनीने ठेवलेल्या प्रतीवरही ते आहे का, हे पत्रातच विचारा. फॉर्मला कार्बन असेल तर खालच्या प्रतीवर उमटलं असेल. स्कॅन आधीच झालेलं असेल तर नसेलही, आणि मग खडूफळांची शंका उरतेच. मूळ प्रत मात्र काउंटरवर नेऊन देऊ नका, फोटोच पाठवा.

खडूफळा:
कार्बनवर असेल तर मी माझं म्हणणं मागे घेईन. तोवर नाही.