गाडीचा क्लेम : बिल ४२,४००, मिळाले २५,४००. बरोबर आहे का?

कुर्ला_पूर्व
गाडी पेट्रोल, १,१९७ सीसी, वय ३ वर्षं २ महिने. साधी कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी, घसारा न कापणारं झीरो डेप अ‍ॅड-ऑन नाही. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडवर दुभाजकाला पुढून उजवी बाजू लागली. कॅशलेस होतं, तरी डिलिव्हरी घेताना १७,००० खिशातून भरायला सांगितले.

सगळे आकडे जीएसटी धरून. पुढचा बंपर ४,८००, हेडलाइट ७,२००, बॉनेट ८,०००, फेंडर ४,०००, चाकावरचं प्लॅस्टिक लायनर ८००. मजुरी ५,०००, रंगकाम १२,०००, क्लिपा-स्क्रू वगैरे ६००.

प्रश्न दोन. कापाकापी योग्य आहे का? आणि पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे, त्यात काय घ्यावं? थर्ड पार्टी सोडून ओन डॅमेज आणि अ‍ॅड-ऑन मिळून बजेट ८,०००. नुसतं ओन डॅमेज ७,००० च्या आसपास बसतं.

दादरचा_गणू
समोरच्याच्या इन्शुरन्समधून घ्यायचं ना! त्याची चूक होती तर तुम्ही का भरायचं?

कुर्ला_पूर्व
गणू, समोर दुभाजक होता.

परळ_सर्व्हिस
आधी कापलेले १७,००० कुठे गेले ते वेगवेगळं करा. प्लॅस्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, सरसकट ५०%, गाडी दोन महिन्यांची असली तरी. म्हणजे बंपरचे २,४०० आणि लायनरचे ४०० गेले. हेडलाइटही त्यातच धरतात, ३,६००. पत्र्याच्या भागांना मात्र वय लागतं: पहिले सहा महिने काही नाही, वर्षापर्यंत ५, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, आणि तीन ते चारमध्ये थेट २५%. तुम्ही त्या शेवटच्या टप्प्यात आहात. बॉनेटचे २,००० आणि फेंडरचे १,०००. बेरीज ९,४००.

क्लिपा-स्क्रूचे ६०० साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. १,५०० सीसीपर्यंत कंपलसरी डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला आपण सोसायची रक्कम, १,०००. मजुरीवर घसारा नाही. हे झाले ११,०००. म्हणजे उरलेले ६,००० रंगकामातून कापलेले दिसतात. तिथेच घोळ आहे. बिलात रंगकाम कसं लिहिलंय?

कुर्ला_पूर्व
एकच ओळ. "पेंटिंग चार्जेस, ३ पॅनेल, १२,०००."

मुलुंडकर७१
हेडलाइटला काच असते आणि काचेवर घसारा शून्य. ७,२०० पूर्ण मिळायला हवेत. भांडा!

परळ_सर्व्हिस
काचेवर शून्य हे खरं, म्हणूनच विंडस्क्रीनचे पैसे पूर्ण मिळतात. पण आताच्या हेडलाइटची पुढची भिंग पॉलिकार्बोनेटची असते आणि मागचा डबाही प्लॅस्टिकचा. सर्व्हेअर ५०% लावणार, आणि त्यात तो चुकत नाही. जुन्या गाडीत खरी काच असेल तर गोष्ट वेगळी.

रंगकामाचं सांगतो. घसारा ५०% आहे, पण तो रंगाच्या मालावर. रंगाऱ्याच्या मजुरीवर नाही. बिलात माल आणि मजुरी एकत्र असेल, तर एकूण रंगकामाचा २५% भाग माल धरायचा, असं पॉलिसीतच लिहिलेलं असतं. म्हणजे १२,००० मधले ३,००० माल, त्याचे निम्मे १,५०० कापायचे. तुमचे ६,००० कापलेत, म्हणजे अख्ख्या १२,००० वर ५०% लावलाय. ४,५०० जास्तीचे गेले. हिशेबाने २९,९०० मिळायला हवे होते.

ठाणे_वेस्ट_सुनीता
माझ्या वेळी गॅरेजने माल वेगळा दाखवला होता आणि त्याचे निम्मे कापले. चांगलेच गेले. गॅरेजला कितीही सांगा, ऐकत नाहीत.

परळ_सर्व्हिस
सुनीताताई, म्हणूनच एकत्र ओळ असलेलं बिल गाडीवाल्याच्या फायद्याचं. १२,००० पैकी ७,००० माल दाखवला असता तर कायदेशीर कपातच ३,५०० झाली असती. कुर्लाकर, आता गॅरेजकडून बिल फोडून घेऊ नका. आहे तेच राहू द्या.

मुलुंडकर७१
मी वरती तेच म्हणत होतो, सर्व्हेअर चुकतात.

विक्रोळी_डिझेल
यात पडायचंच कशाला? असे क्लेम करूच नयेत, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, नो क्लेम बोनस, जातो. तीन वर्षांचा ३५% गेला.

परळ_सर्व्हिस
७,००० चं ओन डॅमेज बोनस कापून असेल, तर बोनस गेल्यावर ते सुमारे १०,८०० होईल, म्हणजे पहिल्या वर्षी ३,८०० चा फरक. पुढची काही वर्षं बोनस पुन्हा चढेपर्यंत थोडा थोडा. तरी २५,४०० हातात येण्यापुढे ते कमीच. पाच-सहा हजारांच्या बंपरसाठी क्लेम केला असता तर तुमचं म्हणणं पटलं असतं. कुर्लाकर, ७,००० हा आकडा बोनस धरून आहे का ते आधी बघा. बजेट तिथेच कोसळेल.

वांद्रे_बी
झीरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, कन्झ्युमेबल्स, रिटर्न टू इनव्हॉइस आणि रोडसाइड. मुंबईत पावसात हिंदमाताला साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि परत स्टार्टर मारला की इंजिन गेलं. साधी पॉलिसी ते देत नाही. १४-१५ हजार जातील, पण शांत झोप. आणि झीरो डेप असलं की कंपलसरी पण लागत नाही.

परळ_सर्व्हिस
शेवटचं वाक्य चूक. झीरो डेप असतं तर ९,४०० आणि रंगकामाचे १,५०० वाचले असते. कंपलसरीचे १,००० कापलेच असते, आणि कन्झ्युमेबल्स वेगळं घेतलं नसेल तर क्लिपांचे ६०० पण. वर्षात बहुतेक ठिकाणी दोनच झीरो डेप क्लेम देतात. व्हॉलंटरी डिडक्टिबलवर मात्र टिक करू नका. प्रीमियम कमी दिसतो, पण कंपलसरीच्या वर तेही कापतात.

एक जाता जाता: पुढची धडक आणि मागच्या दाराची जुनी ओरखड एकाच क्लेममध्ये ढकलू नका. सर्व्हेअर दोन अपघात धरतो आणि १,००० दोनदा कापतो.

विक्रोळी_डिझेल
बजेट ८,००० आहे, वांद्रेवाले १५ सांगतायत. 😄

वांद्रे_बी
गाडी घेता येते, विमा घेता येत नाही?

घाटकोपर_प
हे ४,५०० परत कसे आणायचे? थेट ग्राहक मंचात जाऊ का, असाच प्रश्न मलाही आहे.

परळ_सर्व्हिस
आधी कंपनीकडे ईमेलने सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. त्यात भागवार मूल्यांकन असतं. रंगकामाची ओळ आणि पॉलिसीतलं घसाऱ्याचं कलम समोरासमोर ठेवून क्लेम विभागाला लिहा, क्लेम नंबरासकट. हेडलाइट मध्ये आणू नका, नाहीतर उत्तर फक्त हेडलाइटवर येईल. मग तक्रार निवारण अधिकारी. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, पण वर्षाच्या आत जावं लागतं. गॅरेजमध्ये "पूर्ण आणि अंतिम समाधान" असलेल्या कागदावर सही केलीत का?

कुर्ला_पूर्व
सही केली, गाडी हवी होती. काही हरकत?

मुलुंडकर७१
झालं मग. गेले पैसे.

परळ_सर्व्हिस
तेवढं सरळ नाही. हिशेबाची चूक दाखवता येते, पण कंपनी तो कागद पुढे करणार. पुढे लोकपाल काय म्हणतील ते सांगता येत नाही. तरी आजच लिहा.

कुर्ला_पूर्व
ईमेल पाठवला, फक्त रंगकामाचा. रिन्यूअलचं बघितलं: ७,००० बोनस धरूनच होते, आता नुसतं ओन डॅमेज १०,७०० दाखवतंय, झीरो डेप धरून १४ च्या पुढे. गाडी आठवडाभर बिल्डिंगखालीच असते. झीरो डेप घेत नाही, इंजिन प्रोटेक्ट तर नाहीच. साधीच रिन्यू करतोय.

वांद्रे_बी
मग विचारलं कशाला?

ठाणे_वेस्ट_सुनीता
हिंदमाताला जाऊ नका म्हणजे झालं. ईमेलचं काय झालं ते टाका इथे.