जुन्या घराचं वायरिंग : स्वयंपाकघराला किती सर्किटं दिलीत?

ओसरी
जुन्या घराचं वायरिंग पूर्ण नव्याने करतोय. बाकी खोल्यांचे पॉइंट ठरले, गाडी अडलीय स्वयंपाकघरात. इलेक्ट्रिशियन म्हणतात, ओट्यावर सहा सॉकेट देतो, पण सहाही एकाच १६ अँपिअरच्या एमसीबीवर. पुरेल का एवढं? ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी आपापला अनुभव लिहा. इतर खोल्यांबद्दलही चालेल.

तारतम्य
मी ही कामं करतो. सॉकेट किती हे नंतर बघू, आधी घाईच्या वेळी एकदम काय काय चालू असतं ते लिहून काढा. समजा इंडक्शन २००० वॅट, किटली १५००, मायक्रोवेव्ह १२००. (मायक्रोवेव्हवर मोठ्या अक्षरात ८०० लिहिलेलं असतं, ती अन्नाला मिळणारी ताकद. तो वीज किती ओढतो ते मागच्या पट्टीवर वाचा.) बेरीज ४७००, भागिले २३०, म्हणजे २० अँपिअरच्या थोडं वर.

आता गंमत अशी की १६चा एमसीबी एवढ्यावर लगेच पडत नाही. तो तापत राहतो आणि बऱ्याच मिनिटांनी पडतो. मध्येच किटली बंद झाली तर लोड १४वर येतो आणि तो पडतच नाही. मग कधी पडतो, कधी नाही, म्हणून घरचे म्हणतात एमसीबीच खराब आहे.

ओट्याला दोन सर्किटं घ्या, दोन्हींना २.५ चौरस मिमीची तांब्याची तार आणि १६चा एमसीबी. एकावर इंडक्शन आणि मिक्सर, ते साधारण १२ अँपिअर होतात. दुसऱ्यावर किटली आणि मायक्रोवेव्ह, तेही तेवढेच. फ्रिज या दोन्हींवर नको, त्याला वेगळं द्या. नाहीतर रात्री ओट्याचा एमसीबी पडला तर सकाळपर्यंत कुणाला कळणार नाही.

मोकळंढाकळं
एवढा खर्च कशाला? आमच्याकडेही सारखा पडायचा. १६ काढून २५चा बसवला, तेव्हापासून काही त्रास नाही. तार २.५चीच आहे, ती २५ सहज घेते असं तारेच्या खोक्यावर छापलेलं होतं.

तारतम्य
मोकळी, एकटी तार असेल तर घेते, ते खरं आहे. पण भिंतीतल्या पाइपात चार-सहा भरलेल्या तारा एकमेकींना तापवतात, तिथे तो आकडा खाली येतो. एमसीबी तारेला सांभाळायला असतो. २५चा ठेवायचा तर तार ४ची टाका. तुम्ही एकदा मेन बंद करून इंडक्शनचं सॉकेट उघडवून घ्या. स्क्रूपाशी तारेचं आवरण तपकिरी किंवा कडक झालेलं दिसलं, तर त्रास नाही असं म्हणता येणार नाही.

सोनचाफा
आमच्या आईच्या पलंगाजवळ पंखा-दिव्याचं बटण हवंय, दाराजवळचंही ठेवायचंय. त्याला वेगळं सर्किट लागेल का?

आजोळ
सोनचाफा, सर्किट नाही लागत, टू-वे बटणं लागतात. फक्त दोन्ही बटणांमध्ये जादा तारा जातात, म्हणून भिंत बुजवण्याआधी सांगा.

मूळ विषयावर आमचा अनुभव न्यूट्रलचा आहे. जुन्या वायरिंगमध्ये खोल्या-खोल्यांतून एकच न्यूट्रल फिरवलेला होता. आम्ही काही तारा नव्या घातल्या, काही जुन्या ठेवल्या, आणि नव्या डीबीत दोन आरसीसीबी बसवल्या, म्हणजे जाणारा आणि परतणारा करंट जुळला नाही की पडणाऱ्या. बाथरूमचा दिवा लावला की बैठकीची आरसीसीबी पडायची. ती बदलून पाहिली, तरी तेच. शेवटी दुसऱ्या इलेक्ट्रिशियननी एकेक न्यूट्रल सोडवून तपासला. दिव्याची फेज एका आरसीसीबीतून जात होती आणि न्यूट्रल दुसरीतून परतत होता. ९ वॅटच्या दिव्याचा करंटसुद्धा ४० मिलिअँपिअरच्या आसपास जातो, आणि आरसीसीबी ३०ची. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल डीबीपर्यंत वेगळा आणा आणि त्यावर नंबर घालून घ्या.

मोकळंढाकळं
आवरणाचं बघतो. पण मग थ्री फेज घेतलं की सगळेच प्रश्न मिटतील ना?

तारतम्य
नाही. थ्री फेजने मेनवरचा भार वाटला जातो. ओट्याची सहाही सॉकेट एकाच तारेवर असतील, तर ती तार तेवढीच तापणार.

आजोळ
तरी गीझर, दोन एसी आणि इंडक्शन एकत्र चालणार असतील तर मी थ्री फेजच घेईन.

तारतम्य
मी आधी वेळा बघेन. गीझर आणि इंडक्शन सकाळचे, एसी रात्रीचे. सगळ्यांची सरसकट बेरीज करून मेन ठरवलं तर ते उगाच मोठं होतं.

ओसरी
इंडक्शन-मिक्सर एकीकडे, ही विभागणी पटली. इलेक्ट्रिशियनना दाखवली. ते म्हणतात, जुना लोखंडी पाइप अरुंद आहे, दुसऱ्या सर्किटच्या तारा त्यातून ओढल्या जाणार नाहीत. आणि टाइल्स तर लागून गेल्यात.

तारतम्य
कोंबू नका, ओढताना आवरण सोलतं. ओट्याखालच्या कपाटामागून उघडा पाइप नेता येतो का ते बघा, फक्त सिंकच्या बाजूने नको. त्या भिंतीचा फोटो टाकाल का?