शब्दचर्चा: ‘स्केच शो’ आणि ‘सिटकॉम’ यांत नेमका फरक कोणता? (सोबत एका विसरलेल्या पात्राचा शोध)

पाऊलवाट:
नमस्कार. ब्रिटनमधील भारतीय कुटुंबांविषयीच्या एका लेखात मी एका जुन्या विनोदी कार्यक्रमाचा उल्लेख ‘सिटकॉम’ असा केला होता. संपादकांनी समासात ‘हा स्केच शो असावा, तपासा’ असे लिहून लेख परत पाठवला आहे. तपासायचे तर आधी कार्यक्रम सापडायला हवा, आणि अडचण तिथेच आहे.

मी 1999 ते 2002 या काळात लेस्टरला शिकत होते. त्या सुमारास दूरचित्रवाणीवर एक भारतीय वडील दिसत, ज्यांच्या मते जगातील प्रत्येक गोष्ट भारतीयच असे, आणि त्यांचा तरुण मुलगा त्यावर वैतागत असे. त्याच घरात एक चावट आजी होती, सोफ्यावर बाहेरचे पाहुणे येऊन बसत, आणि एका प्रसंगात ही मंडळी उपाहारगृहात जाऊन इंग्रजी जेवणाची टर उडवत. पात्राचे नाव मात्र काही केल्या आठवत नाही. हे काय असावे, आणि त्याला कोणता शब्द लावावा?

चहाटळ:
ही ‘माइंड युवर लँग्वेज’ ही मालिका असणार. तिच्यात रणजीत सिंग नावाचे पात्र होते आणि ते येता-जाता हजार वेळा क्षमा मागत असे. आमच्या घरी तिच्या कॅसेटी झिजेपर्यंत पाहिल्या गेल्या. तेच पात्र पुन्हा येते आणि तेच वाक्य पुन्हा बोलते, म्हणजे तो स्केच शो. कथा पुढे जाते, म्हणजे सिटकॉम. फरक एवढाच आहे.

रंगपट:
चहाटळ यांनी सांगितलेली मालिका 1977 साली आयटीव्हीवर सुरू झाली. तिच्यात घर नव्हते, वर्ग होता. वडील-मुलगा नव्हते, शिक्षक आणि परदेशी विद्यार्थी होते. शिवाय ती सिटकॉमच आहे, आणि ठरलेले वाक्य तिच्यातही आहे. त्यामुळे ठरलेल्या वाक्यावरून प्रकार ओळखता येत नाही. तरीही त्यांची खूण टाकाऊ नाही, तिच्याकडे मी पुन्हा येतो.

पाऊलवाट यांच्या वर्णनात मला एक नव्हे, दोन कार्यक्रम दिसतात. अशा आठवणी तपासताना मी वर्णनाचे तुकडे सुटे करून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: दर वेळी काय तेच राहत होते आणि काय बदलत होते?

वडिलांच्या बाबतीत तेच राहत होते ते त्यांचे वेड, आणि बदलत होता तो विषय. उदाहरणार्थ, ब्रिटिश राजघराणे भारतीय आहे असा त्यांचा दावा असतो. मुलगा हरकत घेतो आणि मग पुरावे सुरू होतात: सगळे एकाच घरात राहतात, सगळे कुटुंबाच्याच धंद्यात आहेत, लग्ने घरच्यांनी ठरवलेली, आणि मुलगी नको, मुलगा हवा. दावा, हरकत आणि एकाहून एक वरचढ पुरावे, एवढाच त्याचा सांगाडा आहे. हा ‘गुडनेस ग्रेशस मी’ या कार्यक्रमातील प्रसंग होय. तो 1996 साली बीबीसीच्या रेडिओ फोरवर सुरू झाला आणि 1998 ते 2001 या काळात बीबीसी टूवर दाखवला गेला. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुल्विंदर घिर आणि नीना वाडिया हे चौघेच त्यातली बहुतेक पात्रे रंगवत. वडील म्हणजे संजीव भास्कर. हे गृहस्थ आजही ‘सगळे काही भारतातून आले म्हणणारे’ अशा वर्णनानेच ओळखले जातात, त्यामुळे नाव आठवत नाही यात नवल नाही.

उपाहारगृहाचा प्रसंगही याच कार्यक्रमातला, पण त्याचा त्या वडिलांशी काही संबंध नाही. मद्य पिऊन रात्री करी खायला जाणाऱ्या इंग्रज टोळक्यांची ती उलटी प्रतिमा आहे. मुंबईतील काही तरुण ‘इंग्लिश खायला’ जातात, वाढप्याचे इंग्रजी नाव मुद्दाम वाकडे उच्चारतात आणि सर्वांत बेचव पदार्थ कोणता अशी चौकशी करतात.

आजी आणि सोफ्यावरचे पाहुणे मात्र ‘द कुमार्स ॲट नंबर 42’ मधले, म्हणजे 2001 पासूनचे. तिथेही संजीव भास्कर आहेत, पण वडील म्हणून नव्हे, मुलगा म्हणून. आणि आजी आहेत मीरा स्याल. एकच नट दोन्हीकडे असल्याने तुमच्या मनात दोन घरांचे एक घर झाले असावे.

पाऊलवाट:
मनःपूर्वक आभार. वडील तेच, यात आता शंका नाही. राजघराण्याचा प्रसंग वाचताच त्यांचा स्वर कानात आला. लेखात मी याच वडिलांविषयी लिहिले आहे, म्हणजे संपादकांची खूण योग्य होती. पण मग फरकाची नेमकी रेषा कुठे ओढायची? हे पात्रही पुन्हा पुन्हा येत होते, आणि सिटकॉममधली पात्रेही पुन्हा पुन्हा येतातच.

आठवणींची पेटी:
पात्रांचा शोध चालला आहे म्हणून विचारते. मुंबई दूरदर्शनवर ‘गजरा’ लागत असे. त्यात एक गृहस्थ छत्री घेऊन कुठल्यातरी कचेरीत येत आणि त्यांचे काम कधीच होत नसे. माझे वडील त्यांची नक्कल करत. ते कोण होते?

रंगपट:
पेटीताई, छत्री आणि कचेरी एवढ्यावरून मी नाव सांगितले, तर तो अंदाज होईल. ते गृहस्थ एकदाच आले होते की अनेकदा, हे आठवते का? वडील नक्कल करत ती चालण्याची की बोलण्याची? बोलण्याची असेल, तर तेवढे शब्द जसेच्या तसे लिहा. स्केचमधील पात्र शोधताना वेशभूषेपेक्षा बोलण्याची ढब अधिक खात्रीची असते, कारण छत्री पुढच्या वेळी बदलू शकते, पण ढब बदलली तर ते पात्रच उरत नाही.

पाऊलवाट, माझ्या मते फरक पात्र पुन्हा येण्यात नसून ते कुठून परत येते यात आहे. सिटकॉममधील माणसाला पत्ता असतो आणि नातीगोती असतात. मागच्या भागात शेजाऱ्याशी भांडण झाले असेल, तर या भागात निदान तोच शेजारी दार उघडतो. स्केचमधील पात्राला हा संसार नसतो. ते दर वेळी कोऱ्या पाटीवर उभे राहते, तीन-चार मिनिटांत आपला एक हट्ट टोकाला नेते, आणि प्रसंग मिटवण्याची जबाबदारी न घेता निघून जाते. ‘सगळे भारतीय’ म्हणणाऱ्या त्या वडिलांचा व्यवसाय कोणता आणि त्यांना कर्ज किती, हे विचारण्याची गरजच पडत नाही. एकदा ते कळले, की आपण त्यांच्या हट्टावर हसण्याऐवजी त्यांच्याविषयी काळजी करू लागतो, आणि तिथून सिटकॉम सुरू होतो.

मराठी वाचकाला हे नवे नाही. तमाशाच्या गौळणीतील मावशी आठवा. फड कोणताही असो, मावशी येतेच, तिची ढब ठरलेली असते, आणि तिचे सासर-माहेर कुणी विचारत नाही.

तर्कट:
रंगपट यांची मांडणी आकर्षक आहे, पण तिला दोन ठिकाणी तडा जातो. ‘माइंड युवर लँग्वेज’मधील विद्यार्थी वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतात आणि त्यांना ते येत नाही. दर आठवड्याला त्यांचीही पाटी कोरीच होते. मग तो स्केच शो का नाही?

दुसरा तडा अधिक मोठा आहे. जॅकी ग्लीसन यांनी 1951 साली अमेरिकेत राल्फ क्रॅमडेन हा बसचालक आणला, तो त्यांच्या विविधरंगी कार्यक्रमातील एका स्केचचा भाग म्हणून. 1955-56 मध्ये ‘द हनीमूनर्स’ या नावाने त्याच बसचालकाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे 39 भाग झाले, आणि नंतर तो पुन्हा स्केचमध्ये परतला. ब्रुकलिनमधील घर तेच, बायको तीच, शेजारी तोच. त्याला पत्ता आणि संसार स्केचमध्येही होताच.

रंगपट:
पहिल्या तड्याविषयी सांगतो. ते विद्यार्थी इंग्रजी शिकत नाहीत हे खरे, पण ते एकमेकांना ओळखतात. रणजीत आणि अली नदीम यांची खडाजंगी रंगते ती दोघांना पुन्हा त्याच वर्गात येणे भाग आहे म्हणून. शिवाय प्रत्येक भागात एखादा पेच निर्माण होतो आणि सुमारे पंचवीस मिनिटांत तो सुटतो. स्केचमध्ये सुटण्यासारखा पेच नसतोच, फक्त चढत जाणारा खेळ असतो. चहाटळ यांचे ठरलेले वाक्य इथे उपयोगी पडते: सिटकॉममध्ये ते वाक्य पेचाच्या आड येते किंवा त्यातून सुटायला मदत करते, स्केचमध्ये ते वाक्य म्हणजेच सगळा खेळ असतो, म्हणून ते काढले तर काहीच शिल्लक राहत नाही.

क्रॅमडेनचे उदाहरण मात्र मला मान्य करावे लागते. स्केचच्या आत संसार वाढू शकतो. तो पुरेसा वाढला तेव्हाच त्याला अर्धा तास मिळाला, असे मी म्हणेन. पण मग रेषा पात्रावरून ओढता येत नाही, कार्यक्रमाच्या चौकटीवरूनच ओढावी लागते, हा तुमचा आक्षेप शिल्लक राहतो.

चहाटळ:
चौकटीवरूनच ओढायची असेल, तर जसपाल भट्टी यांच्या ‘फ्लॉप शो’चे काय करायचे? 1989 ची ती मालिका. दर भागात विषय वेगळा आणि भट्टी यांचा व्यवसायही वेगळा. नट तेच, पण माणसे नवी. प्रत्येक भागाला सुरुवात आणि शेवट आहे, म्हणून तो स्केच नाही; आणि पात्रे टिकत नाहीत, म्हणून सिटकॉमही नाही.

तर्कट:
अनेक जण तिला सिटकॉमच म्हणतात. माझ्या मते ते सोयीपुरते आहे.

पाऊलवाट:
मग ‘द कुमार्स’ला काय म्हणावे? त्या घराला तर क्रमांकासह पत्ता आहे.

रंगपट:
घर, आई-वडील आणि आजी हा भाग सिटकॉमचा. पण सोफ्यावर येणारे पाहुणे खरोखरचे प्रसिद्ध लोक असत आणि त्यांच्या मुलाखतीचा बराच भाग ऐनवेळी रंगे. म्हणून मी त्याला ‘सिटकॉमच्या घरात भरलेला मुलाखतीचा कार्यक्रम’ म्हणेन. एका शब्दात बसवण्याचा आग्रह तिथे धरू नये. तुमच्या लेखात मात्र ‘गुडनेस ग्रेशस मी’साठी निःशंकपणे ‘स्केच शो’ लिहा.

वाचनवेडा:
शब्दच हवा असेल, तर ‘स्केच’ला दिवाकरांनी रूढ केलेला ‘नाट्यछटा’ हा सुंदर मराठी शब्द का वापरू नये?

रंगपट:
नाट्यछटेत बोलणारी व्यक्ती एकच असते. समोरच्याचे बोलणे आपण तिच्या उत्तरांवरून ताडतो. त्या वडिलांना हरकत घेणारा मुलगा समोर हवाच, त्याच्याशिवाय पुढचा पुरावा निघत नाही. ‘प्रहसन’ जवळचे आहे, पण त्याने सबंध नाटिकेचाही बोध होतो. आपल्याकडे दूरचित्रवाणीवरच्या अशा तुकड्यांना सर्रास ‘स्किट’ म्हणतात; ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये नम्रता संभेराव यांची लॉली पुन्हा पुन्हा येते, तीही स्किटमध्येच.

तर्कट:
तमाशातील ‘बतावणी’ सुचवतो. दोघांचा सवाल-जवाब, चढत जाणारी विसंगती, आणि पेच सोडवण्याची सक्ती नाही. रंगपट यांनी सांगितलेल्या बहुतेक अटी ती पूर्ण करते.

पाऊलवाट:
‘बतावणी’ मला आवडली, पण संपादक समासात नवी खूण करतील. तूर्त ‘स्केच शो’ असे लिहून लेख पाठवते, आणि आजीचा उल्लेख त्या परिच्छेदातून काढते.

आठवणींची पेटी:
आईला विचारले. ती म्हणते, वडील चालण्याचीच नक्कल करत आणि छत्री आमची घरचीच होती. आता त्या गृहस्थांकडे छत्री होती की नव्हती, हेही सांगता येत नाही. कचेरीविषयी ती ठाम आहे.