‘नाममात्र व्याजदर’ की ‘दर्शनी व्याजदर’?

तळटीप: आंतरराष्ट्रीय फिशर परिणामावरचा पाठ मराठीत आणते आहे. वाक्य असे झाले आहे: ‘दोन देशांच्या नाममात्र व्याजदरांत जेवढा फरक, तेवढे जास्त व्याज देणाऱ्या देशाच्या चलनाचे अवमूल्यन अपेक्षित असते.’ कच्चा खर्डा वाचणाऱ्याला ‘नाममात्र’ म्हणजे अगदी किरकोळ दर वाटला. ‘दर्शनी’ चालेल का?

गंगाजळी: चालेल. ‘नाममात्र शुल्क’ ऐकले की आपल्याला एक रुपया आठवतो. इथे अर्थ आहे ठेवपावतीवर छापलेला, महागाई वजा न केलेला दर. महागाई वजा केली की उरतो तो वास्तव दर. पण वाक्यात मला जास्त खटकते ते ‘अवमूल्यन’. ते सरकार जाहीर करते. ६ जून १९६६ ला डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये केला गेला, ते अवमूल्यन. बाजारात रुपया उतरतो ती घसरण. इथे घसरणच हवी.

भाषाभान: ‘दर्शनी’ला माझी हरकत आहे. रोख्याची दर्शनी किंमत म्हणजे त्यावर छापलेली रक्कम. ‘दर्शनी व्याजदर’ वाचून विद्यार्थी रोख्याचा कूपन दर, म्हणजे त्या छापील रकमेवर मिळणारा ठरलेला व्याजदर, समजतील.

आडवाप्रश्न: शब्दांचे नंतर पाहू, वाक्यच उलटे आहे. व्याज वाढले की परदेशी पैसा येतो आणि चलन वधारते. घसरण कशी होईल?

गंगाजळी: तुमचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. महागाईचा अंदाज तोच राहून व्याज वाढले, तर वास्तव दर वाढतो आणि चलन वधारते. पण व्याज जास्त आहे ते महागाई जास्त राहणार म्हणून, असे असेल तर वास्तव दर जागच्या जागी राहतो आणि पैसा धावत येण्याचे कारणच उरत नाही. हा सिद्धांत दोन्ही देशांचा वास्तव दर सारखा धरतो. मग दर्शनी दरांतला फरक म्हणजे महागाईतलाच फरक, आणि चलन तेवढे उतरते. हे गृहीतक वाक्याच्या आधी आलेच पाहिजे, नाहीतर प्रत्येक वाचक तुमचाच प्रश्न विचारेल.

कोकणकिनारा: माझा मुलगा दुबईला आहे. १०,००० डॉलर पाठवायचे म्हणतो. रुपयांतल्या एनआरई ठेवीत ७ टक्के आणि डॉलरमध्येच राहणाऱ्या एफसीएनआर ठेवीत ४ टक्के धरले, तर या वाक्याप्रमाणे एनआरईत तोटाच ना?

गंगाजळी: काका, सिद्धांत तोटा सांगत नाही, बरोबरी सांगतो. आज डॉलर ८० रुपयांना आहे असे धरा. एनआरईत ८,००,००० रुपयांचे वर्षाने ८,५६,००० होतील, एफसीएनआरमध्ये १०,४०० डॉलर. ८,५६,००० ला १०,४०० ने भागा, येतात ८२.३१ रुपये. डॉलर तिथे पोचला तर दोन्ही ठेवी सारख्या. ८१ ला थांबला तर एनआरईचे १०,५६८ डॉलर होतात, ८४ ला गेला तर १०,१९०. डॉलर कुठे जाईल हे हिशोब सांगत नाही. मुलाला पैसे पुढे डॉलरमध्ये लागणार की रुपयांत, ते आधी विचारा.

तळटीप: म्हणजे उदाहरणात ‘रुपया ३ टक्के घसरेल’ लिहू?

गंगाजळी: नको. १.०७ भागिले १.०४ म्हणजे १.०२८८, म्हणून ‘डॉलर २.८८ टक्क्यांनी महागेल’. रुपयाच्या बाजूने बोलायचे तर १.०४ भागिले १.०७, म्हणजे रुपया २.८० टक्क्यांनी घसरेल. वजाबाकीचे ३ टक्के ढोबळ आहेत. दर लहान असताना ते खपून जाते. तुर्कस्तानचा धोरण दर मार्च २०२४ मध्ये ५० टक्के झाला. त्यासमोर ४ टक्के ठेवले तर वजाबाकी ४६ देते, भागाकार ४४.२. आणि दोन्ही दर एकाच मुदतीचे घ्या. एकीकडे तीन महिन्यांचा आणि दुसरीकडे वर्षाचा दर घेतला की उत्तराला अर्थ राहत नाही.

आडवाप्रश्न: २०२२ च्या सुरुवातीला आपला रेपो दर ४ टक्के होता, अमेरिकेचा जवळपास शून्य. म्हणजे डॉलर साधारण ४ टक्के महागायला हवा होता. तो ७४ च्या आसपासून ८२ च्या पुढे गेला, सुमारे ११ टक्के. जपानचे व्याज तर उणे होते, तरी येन वधारायच्या ऐवजी कोसळला. मग ‘अपेक्षित’ कसले?

गंगाजळी: उदाहरणे अचूक आहेत. त्या वर्षी अमेरिकेने दर ४.२५ ते ४.५० टक्क्यांपर्यंत नेला, आणि एवढी वाढ वर्षाच्या सुरुवातीच्या दरांत धरलेली नव्हती. एका वर्षापुरता हा नियम फार वेळा चुकतो. लांब मुदतीत आणि महागाईत मोठा फरक असलेल्या देशांत तो बरा टिकतो.

भाषाभान: ‘अपेक्षित’मध्ये इच्छेची छटा येते, पाहुणे अपेक्षित असतात. घसरण कुणाला हवी असते? ‘अनुमानित’ लिहा.

गंगाजळी: ‘अनुमानित’ म्हटले की कुणी बसून अंदाज केला असे वाटते. इथे तो आकडा दरांतूनच निघतो. ‘व्याजदरांतून सूचित होणारी घसरण’ कसे वाटते?

तळटीप: लांब आहे, पण खोटे नाही. ‘घसरण’ आणि ‘सूचित’ घेते. ‘दर्शनी’ पहिल्यांदा येईल तिथे ‘महागाई न वजा केलेला’ असे जोडून लिहीन.

भाषाभान: कूपनचा घोळ त्याने सुटत नाही. कूपन दरातूनही महागाई वजा केलेली नसते.